लाल डोळा, आखडलेली कंबर आणि सहा आठवड्यांचे थेंब

डोळा लाल झाला की आमच्याकडे पहिला शब्द येतो, डोळे आले. पावसाळ्यात साथ असतेच, त्यामुळे शंभरातल्या नव्वद वेळा तो खरा ठरत असेल. मी सव्वीस वर्षांचा होतो, बेळगावात उद्यमबागच्या एका टूलरूममध्ये लेथवर काम करायचो आणि खानापूरहून रोज ये-जा करायचो. एका मंगळवारी उजवा डोळा लाल झाला. आई म्हणाली, "डोळं आलंय रे, दोन दिवसांत जातंय बघ." शॉपमधला सुपरवायझर म्हणाला, कण गेला असेल. दोघांचंही चुकलं. मला झाला होता युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या बाजूची सूज. बाहुलीभोवती जो रंगीत पडदा असतो, जो उजेडात आकसतो आणि अंधारात पसरतो, त्यालाच सूज आली होती. आता तो प्रकार मला चार वेळा होऊन गेलाय. ज्यांना पहिल्यांदा झालाय आणि हातात थेंबांची चिठ्ठी घेऊन जे बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. तुमच्या चिठ्ठीवरचे आकडे माझ्यापेक्षा वेगळे असतील तर चिठ्ठीच खरी.

आधी ओळख

डोळे येतात तेव्हा सकाळी पापण्या चिकटतात, चिपडं येतात, खाज असते आणि बहुतेक वेळा दोनेक दिवसांत दुसराही डोळा लाल होतो. नजर मात्र साफ असते, डोळा पुसला की दिसतं. युव्हायटिसमध्ये चिपडं नसतात, असलंच तर नुसतं पाणी. लाली पापणीकडे कमी आणि काळ्या बुबुळाला लागून जास्त असते, एखादं जांभळट कडं काढल्यासारखी. दुखणं आत खोल असतं, भुवईपर्यंत चढणारं. आणि उजेड सोसत नाही. माझं हे सगळं मंगळवारी दुपारी गेटबाहेर पडल्यावर लक्षात आलं. उन्हात दुखणारा डोळा मी हाताने पूर्ण झाकला तरी तो दुखतच होता, कारण चांगला डोळा उघडा होता. दोन्ही बाहुल्या एकत्रच आकसतात. चांगल्या डोळ्यावर ऊन पडलं की सुजलेला पडदाही आत ओढला जातो आणि कळ येते. डोळ्याचे डॉक्टर पुढे हेच टॉर्चने करून बघतात. ही खूण असली म्हणजे युव्हायटिसच, असं मात्र नाही. बुबुळावर जखम असली तरी असं होऊ शकतं. पण ही खूण असताना साथीचे डोळे समजून घरी बसू नये, एवढं नक्की.

दुसरी खूण डोळ्यात नसतेच. मला दोन वर्षं कंबर धरायची. पहाटे तीन-चारला जाग यायची, उठल्यावर तासभर वाकता यायचं नाही आणि कामाला लागलं की मोकळं व्हायचं. मी ते मशीनवर उभं राहण्याच्या खात्यात टाकलं होतं. कामाने आलेली पाठदुखी विश्रांतीने कमी होते. ही उलटी होती, पडून राहिलं की वाढायची आणि चाललं की उतरायची. पंचेचाळीसच्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांच्या वर टिकलेलं असं दुखणं मणक्याच्या संधिवाताचं असू शकतं. त्याचं नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, सगळे एएस म्हणतात. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उठते. एएसच्या चार रुग्णांमागे साधारण एकाला कधी ना कधी असा डोळा होतो, आणि कितीतरी जणांना डोळ्यामुळेच पाठीच्या आजाराचा पत्ता लागतो. माझंही तसंच झालं. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारो न विचारो, पाठ, टाच, सोरायसिस, तोंडातले फोड, पोटाचा जुना त्रास, जे असेल ते आपणच सांगायचं.

मेडिकलची बाटली

मी मात्र त्या दिवशी बसस्टँडजवळच्या एका मेडिकलमधून थेंब घेतले. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली बाटली होती, दिवसातून तीनदा. चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, पण मिळाली. दुसऱ्या दिवशी लाली उतरली आणि मी खूश झालो. फसलो ते इथेच. थोड्या स्टिरॉइडने वरची लाली जाते, आतली सूज तशीच राहते. सुजलेला पडदा चिकट होतो आणि मागच्या भिंगाला चिकटायला लागतो. शुक्रवारी धूसर दिसायला लागलं तेव्हा डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर अर्ध्या तासाने मोबाईलवर फोटो काढून पाहिला. डाव्या डोळ्याची बाहुली गोल होती. उजवी तीन ठिकाणी धरून ठेवल्यासारखी होती, मधेमधे फुगलेली आणि कडेला खाचा पडलेली. पुन्हा पुन्हा थेंब घालून दोन ठिकाणं सुटली. तिसरं अजून तसंच आहे. ते तीन दिवस वाचवले असते तर कदाचित तेही चिकटलं नसतं.

म्हणून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, स्लिट लॅम्प असलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. हनुवटी टेकवून बसायचं आणि समोरून उजेडाची बारीक फट डोळ्यात सोडली जाते, ते यंत्र. चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात त्याने हे काम होत नाही. बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, नेत्रविभाग आहे आणि खासगी दवाखानेही पुष्कळ आहेत. निपाणीची माणसं कोल्हापूर गाठतात, अथणीची मिरज. जिथे सहा आठवडे पुन्हा पुन्हा जाणं जमेल तो दवाखाना धरा, कारण एका फेरीत हे संपत नाही. जाताना कुणाला तरी सोबत घ्या. बाहुली मोठी केल्यावर परतताना गाडी चालवता येत नाही.

त्या फटीतल्या उजेडात डॉक्टर काय बघतात, ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. बुबुळ आणि पडदा यांच्यामध्ये स्वच्छ पाणी असतं. सूज असली की त्यात पांढऱ्या पेशी तरंगतात. सकाळी झापातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ दिसते ना, तशा. एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटरच्या झोतात त्या मोजतात. सहा ते पंधरा दिसल्या तर एक अधिक, सोळा ते पंचवीस म्हणजे दोन अधिक, सव्वीस ते पन्नास तीन अधिक, त्याच्या वर चार अधिक. माझा पहिल्या दिवशी तीन अधिक होता. हा आकडा विचारून घ्या आणि लिहून ठेवा. थेंब कधी कमी करायचे हे तोच ठरवतो, आरशातली लाली नाही.

थेंब घालायची रीत

दोन बाटल्या मिळतात. एक स्टिरॉइडची, बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन अॅसिटेट १ टक्का. दुसरी बाहुली मोठी ठेवणारी, होमॅट्रोपिन किंवा अॅट्रोपिन. दुसरीने दुखणं थांबतं, कारण आखडलेला पडदा सैल होतो आणि चिकटत नाही. तिच्यामुळे जवळचं धूसर दिसतं. मला मायक्रोमीटर वाचता येईना, म्हणून आठवडाभर रजा काढावी लागली. होमॅट्रोपिनचा असर एक ते तीन दिवसांत उतरतो, अॅट्रोपिनचा आठवडा-दोन आठवडे राहू शकतो. नजर गेली म्हणून घाबरू नका आणि मनाने बंदही करू नका.

स्टिरॉइडची बाटली पांढरट, पातळ ताकासारखी असते. औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, ते तळाशी बसतं. दर वेळी नीट हलवली नाही तर नुसतं पाणीच डोळ्यात जातं आणि मग माणूस म्हणतो, औषध लागू पडत नाही. मी दुसऱ्या बाटलीला रबरबँड लावला होता, गोंधळ नको म्हणून. खालची पापणी ओढून एकच थेंब. डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा मिनिट-दीड मिनिट दाबून धरायचा, नाहीतर औषध नळीतून घशात उतरतं आणि तोंड कडू होतं. दोन बाटल्यांमध्ये पाच मिनिटं अंतर. आणि भाषेचं एक. कंपाउंडर घाईत कन्नडमध्ये सांगतो. "गंटेगोम्मे" म्हणजे तासातासाला, "दिना नाल्कु सल" म्हणजे दिवसातून चार वेळा. रांगेत माझ्या मागे असलेल्या आजीने नाल्कु ऐकून चार दिवस असं धरलं होतं. कळलं नाही तर मराठीत किंवा आकड्यांत लिहून मागा, देतात.

उतरंड

आता मुख्य भाग. स्टिरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी का करतात, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबवतं, त्याला पुन्हा उठायला वेळ द्यावा लागतो. थेंबांचं कारण ते नाही. इथे जंतू नाहीत की औषधाने मेले आणि संपलं. थेंब सूज फक्त दाबून ठेवतात आणि तेवढ्यात हल्ल्याची लाट आपली आपण ओसरते. लाट ओसरायला चार ते सहा आठवडे लागतात. लाली मात्र आठवड्यात जाते. मधल्या काळात डोळा पांढराशुभ्र असतो आणि आत पेशी तरंगत असतात. तेव्हा थेंब तोडले की सूज परत उसळते.

माझ्या चिठ्ठीवर असं होतं. पहिला आठवडा जागेपणी तासातासाला. सकाळी सात ते रात्री दहा, म्हणजे दिवसाला १६ थेंब. दुसरा आठवडा दोन तासांनी, ८ थेंब. मग एकेक आठवडा ४, ३, २ आणि १. बेरीज करून बघा. ११२, ५६, २८, २१, १४ आणि ७, एकूण २३८ थेंब. पाच मिलिलीटरच्या बाटलीत साधारण शंभर थेंब निघतात, त्यात काही गालावर जातात. म्हणजे पहिली बाटली पहिल्या आठवड्यातच संपते. खेड्यात असाल तर सुरुवातीलाच दोन घ्या. माझी रविवारी संध्याकाळी संपली आणि गावातलं मेडिकल बंद होतं.

आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत थेंबांचा आकडा लिहिला आणि दर थेंबाला मी पेन्सिलीने एक रेघ ओढायचो. तासाचा थेंब विसरतोच. रेघा नसतील तर घातला की नाही यावर घरात वाद होतात. त्याच कॅलेंडरवर मी रोज सकाळी नजरही तपासायचो. चष्मा असेल तर लावून, दाराच्या त्याच उंबऱ्यावर उभं राहून, एकेक डोळा झाकून तिथीची बारीक अक्षरं वाचायची. बाहुली मोठी असेपर्यंत ही परीक्षा खोटी असते. नंतर मात्र खूप कामाची आहे.

तरीही मी चूक केली. नवव्या दिवशी डोळा पांढरा, दुखणं शून्य, आणि घरात एक लग्न. स्टिरॉइड जास्त दिवस बरं नव्हे, असं एका पाहुण्यांनी सांगितलं आणि मी बंद केलं. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या संध्याकाळी ट्यूबलाइट डोळ्यात टोचायला लागली. चौथ्या सकाळी बुबुळाभोवती ते कडं परत उमटलं. तपासलं तर पेशी पुन्हा दोन अधिक. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी नवा कागद घेतला आणि पुन्हा तासातासापासून सुरुवात केली. सहा आठवड्यांचे आठ झाले, एवढाच माझा फायदा.

नीट उतरत असतानाही एखाद्या पायरीवर असं होऊ शकतं, बहुधा तीनवरून दोनवर किंवा दोनवरून एकवर आल्यावर. पायरी उतरल्यापासून दोन-चार दिवस संध्याकाळच्या दिव्याकडे लक्ष ठेवायचं. सर्वांत आधी परत येतो तो उजेडाचा त्रास. दुखणं आणि लाली नंतर. पहिल्या टोचण्यालाच दवाखान्यात फोन करायचा. पेशी दिसल्या तर डॉक्टर एक-दोन पायऱ्या वर नेतात आणि मग आणखी सावकाश उतरवतात. आपल्या मनाने वर जायचं नाही, कारण त्रास सुजेचाच आहे की दुसऱ्या कशाचा, हे बाहेरून कळत नाही.

न दुखणारा दाब

पहिल्या सूज वाढलेल्या दिवसांत डोळ्यातला दाब बहुतेक कमीच असतो. थेंब चालू होऊन काही आठवडे गेले की काही लोकांचा दाब स्टिरॉइडमुळे चढतो, आणि तो चढला हे माणसाला जाणवत नाही. दुखत नाही, लाली नाही, नजर तीच. १० ते २१ हा नेहमीचा पल्ला. चौथ्या आठवड्यात माझा डावा डोळा १४ आणि उजवा २८ होता. मी त्या दिवशी तपासणी टाळणार होतो, डोळा छान होता म्हणून. डॉक्टरांनी स्टिरॉइड तोडलं नाही, सोबत दाब कमी करणारा टिमोलोलचा थेंब दिला, दिवसातून दोनदा. दहा दिवसांनी १७. दमा असेल तर टिमोलोलआधी सांगा, त्याने श्वास अडकू शकतो. दाब दीर्घकाळ चढा राहिला तर डोळ्याची मुख्य नस जळते, तो काचबिंदू, आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून फेऱ्या डोळा बरा वाटत असतानाच्याच महत्त्वाच्या. माझ्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी, मग दर दोन आठवड्यांनी आणि थेंब बंद केल्यावर दोन आठवड्यांनी एक अशा होत्या. प्रत्येक फेरीत पेशी आणि दाब, दोन्ही आकडे मागायचे.

बंद केल्याची तारीख

शेवटच्या थेंबाची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. ती पुढे लागते. औषधाशिवाय तीन महिने डोळा शांत राहिला आणि मग पुन्हा झाला, तर तो नवा झटका, एएसमध्ये असं होतं, आणि बऱ्याचदा दुसऱ्या डोळ्यात. तीन महिन्यांच्या आतच परत आला तर सूज संपलीच नव्हती असं धरतात, आणि तेव्हा कारण नव्याने शोधतात. आपल्याकडे टीबी हे त्यातलं मोठं कारण, म्हणून छातीचा एक्स-रे आणि त्वचेची माँटू चाचणी करायला सांगतात. कुरकुर करू नका.

एएससाठी संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो. एचएलए-बी२७ ही रक्ताची तपासणी आणि माकडहाडालगतच्या सांध्यांचा एक्स-रे झाला. एक्स-रेत सुरुवातीला काही दिसलं नाही तर एमआरआय करतात. बी२७ पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजार झालाच असं नाही, निरोगी माणसांतही ते असतं. चिठ्ठी, आकडे आणि तारखा असलेली डोळ्याची फाइल तिथे दाखवा. वर्षातून दोन-तीन वेळा डोळा होत असेल तर सल्फासलाझिन किंवा अॅडॅलिम्युमॅबच्या इंजेक्शनचा विचार होतो. त्यात एक बारकावा आहे. पाठीसाठी काही जण एटॅनरसेप्ट घेतात. ते पाठीला चालतं, पण डोळ्याला अॅडॅलिम्युमॅबसारखं राखत नाही. डोळा वारंवार होत असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि फ्रीजमधली अर्धी बाटली. उघडून महिना झाला की ती टाकायची असते. आमच्याकडे दह्याच्या भांड्यामागे ती चार महिने होती. ऊसतोडीच्या दिवसांत शेजारचे मामा आले, डोळा लाल, पाणी गळतंय, उजेड सोसत नाही. "तुला लागू पडलं न्हवं ते औषध? दोन थेंब दे की." आई फ्रीजकडे गेलीसुद्धा. मी विचारलं, काय लागलं होतं का. आदल्या दिवशी उसाचं पान डोळ्याला घासलं होतं. पानाने बुबुळ खरचटलं की त्यात बुरशी शिरू शकते, आणि अशा जखमेवर स्टिरॉइड पडलं तर बुरशीला रान मोकळं मिळतं आणि बुबुळ वितळून भोक पडू शकतं. बाहेरून त्यांचा डोळा माझ्या डोळ्यासारखाच दिसत होता. मी बाटली मोरीत रिकामी केली आणि मामांना स्कूटरवर मागे बसवून बेळगावला घेऊन गेलो.